दहावीच्या ‘भिंगे’ धड्यासाठी स्वतःचा मदतनीस: सूचना, नोट्स आणि तपासणी

आमच्या शिक्षकखोलीत चॅटबॉटबद्दलची तक्रार ठरलेली असते. “सर, प्रश्न काढून देतो, पण भाषा आपली नसते.” गणिताच्या बाईंचं हे वाक्य मी विज्ञानात रोज अनुभवलं आहे. भिंगांवर दहा प्रश्न मागितले की ‘उत्तल भिंग’ आणि ‘फोकस दूरी’ असे हिंदी पुस्तकातले शब्द येतात. आमची मुलं ‘बहिर्वक्र भिंग’ आणि ‘नाभीय अंतर’ शिकलेली असतात. त्यांच्या हातात तसा कागद दिला, तर पहिली दहा मिनिटं शब्द समजावण्यातच जातात.

दर वेळी नव्याने सगळं समजावत बसण्यापेक्षा आपल्या सूचना आणि नोट्स कायमच्या जोडलेला एक मदतनीस बनवून ठेवता येतो. गूगलच्या जेमिनीमध्ये त्याला ‘जेम’ म्हणतात. चॅटजीपीटी आणि क्लॉड यांच्यातही अशाच सोयी आहेत, फक्त नावं आणि बटणं वेगळी. मी जेम निवडला, कारण तो साध्या गूगल खात्यावर पैसे न भरता बनवता येतो आणि ड्राइव्हमधली फाइल त्याला थेट जोडता येते. हा लेख शिक्षकाने स्वतःसाठी बनवायच्या मदतनीसाबद्दल आहे. मुलांच्या हाती द्यायचं साधन हा वेगळा विषय आहे, तो इथे घेत नाही.

काम एकच ठरवा

‘विज्ञान मदतनीस’ असं नाव देऊन पुस्तकातले दहाही धडे त्यात कोंबायचा मोह होतो. तो टाळा. माझ्या पहिल्या जेमचं काम एका वाक्यात मावणारं होतं: दहावी विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मधल्या ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ या सातव्या धड्यावर बोर्डाच्या धर्तीचे सराव प्रश्न आणि नमुना उत्तरं तयार करणं. त्यात पाठ टाचण नाही, पालकांना पत्र नाही.

काम अरुंद ठेवण्याचं खरं कारण तपासणी हे आहे. एका धड्याचं उत्तर बरोबर की चूक हे मला वाचता वाचता कळतं. दहा धडे आणि पाच प्रकारची कामं असतील, तर कुठली सूचना कुठे बिघडली हे शोधायलाच आठवडा जातो.

नोट्स आधी, सूचना नंतर

बहुतेक जण आधी सूचना लिहितात आणि मग हाताला लागेल ती फाइल चढवतात. उलटं करा. वेळेचा मोठा वाटा नोट्स नीट करण्यात जातो, आणि तो तिथेच जायला हवा.

पहिली अडचण फक्त आपल्याकडचीच आहे. आपल्या जुन्या नोट्स, प्रश्नसंच आणि शाळेतल्या प्रश्नपत्रिका पुष्कळदा श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. पडद्यावर त्या मराठी दिसतात, पण फाइलच्या आत मराठी अक्षरं नसतात. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फाँट त्यांना फक्त मराठी रूप देतो. अशी वर्ड फाइल चढवली की मदतनीसाला आतली इंग्रजी खिचडी मिळते. तो तक्रार करेलच असं नाही. त्याला त्यातलं काही कळत नाही आणि तो स्वतःच्या सामान्य माहितीवर उत्तर देऊन मोकळा होतो. आपल्याला वाटतं की नोट्स वाचूनच सांगतोय.

ओळखायची युक्ती सोपी आहे. फाइलमधल्या दोन ओळी कॉपी करून मोबाइलवर स्वतःलाच मेसेज पाठवा. मराठी दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. ‘{d’ वगैरे चित्रविचित्र दिसलं तर नाही. पीडीएफचीही हीच चाचणी घ्या. तिथे काही वेळा साधन पानाचं चित्र म्हणून वाचून मजकूर बरोबर ओळखतं, पण त्यावर विसंबू नका. जोडाक्षरं आणि सूत्रं नेमकी तिथेच बिघडतात.

उपाय दोन आहेत. जुन्या फाँटमधून युनिकोड करणारे कन्व्हर्टर मिळतात. तुमच्या नेमक्या फाँटचा कन्व्हर्टर असेल तर त्यातून मजकूर काढा आणि रफार, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ऱ्ह’ यांवर एक नजर टाका. तो नसेल तर पानाचा स्वच्छ फोटो काढून गूगल ड्राइव्हवर चढवा, फाइलवर उजवं क्लिक करा आणि `Open with` मधून `Google Docs` निवडा. फोटोखाली ओळखलेला मजकूर येतो. फोटो सरळ, उजेडातला आणि २ एमबीच्या आतला असेल तर छापील मराठी बऱ्यापैकी उतरते. हस्ताक्षराच्या बाबतीत मात्र टाइप करणंच कमी त्रासाचं, निदान माझ्या हस्ताक्षराच्या बाबतीत तरी.

दुसरी गोष्ट नोट्सच्या मांडणीची. आपण नोट्स स्वतःसाठी लिहितो, म्हणून ‘वरील सूत्रात किंमती ठेवून’ किंवा ‘मागच्या आकृतीप्रमाणे’ असं लिहितो. साहित्य मोठं झालं की अशी साधनं सगळी फाइल एकदम समोर न ठेवता प्रश्नाशी जुळणारे तुकडे उचलतात. उचललेल्या तुकड्यात ‘वरील सूत्र’ नसेल तर ते वाक्य निरर्थक ठरतं. म्हणून प्रत्येक परिच्छेद स्वतःच्या पायावर उभा राहील असा लिहा. मथळा ‘सूत्र’ असा न देता ‘भिंगाचे सूत्र आणि चिन्हसंकेत’ असा द्या. सूत्रं चित्र म्हणून चिकटवू नका, साध्या अक्षरांत टाइप करा:

```
भिंगाचे सूत्र: 1/v - 1/u = 1/f
विशालन: M = h2/h1 = v/u
भिंगाची शक्ती: P = 1/f  (f मीटरमध्ये, P डायऑप्टरमध्ये)
```

किरणाकृती शब्दांत सांगा. ‘बहिर्वक्र भिंग, वस्तू F1 आणि 2F1 यांच्या दरम्यान: प्रतिमा 2F2 च्या पलीकडे, वास्तव, उलट, वस्तूपेक्षा मोठी.’ वस्तूच्या सहा स्थितींची अशी सहा वाक्यं कुठल्याही रंगीत तक्त्यापेक्षा चांगली चालतात.

माझ्याकडे शेवटी चारच छोट्या फाइली उरल्या. पहिली धड्याच्या नोट्सची. दुसरी शब्दांची, जिच्यात डावीकडे वापरायचा शब्द आणि पुढे टाळायचे शब्द आहेत: ‘बहिर्वक्र भिंग’ वापरा, ‘उत्तल’ नको, ‘नाभीय अंतर’ वापरा, ‘फोकस दूरी’ नको, ‘विशालन’ वापरा, ‘आवर्धन’ नको. पंचवीस-तीस शब्द पुरतात. ही यादी करायला अर्धा तास लागला आणि सगळ्यात जास्त फरक तिनेच पडला. तिसरी फाइल मी स्वतः लिहिलेल्या आठ-दहा आदर्श प्रश्नोत्तरांची आहे. ‘शास्त्रीय कारणे लिहा’चं दोन गुणांचं उत्तर किती लांब असतं, उदाहरण सोडवताना दिलेलं, सूत्र, किंमती, उत्तर आणि एकक या पायऱ्या कशा लिहायच्या, हे वर्णनापेक्षा नमुन्यातून लवकर कळतं.

चौथी फाइल कुणाला विचित्र वाटेल. ती आकड्यांच्या जोड्यांची आहे. मदतनीसाला उदाहरण रचायला सांगितलं तर तो f = १५ सेमी आणि वस्तू २२ सेमीवर असं काहीतरी घेतो, मग उत्तर ४७.१४ सेमी येतं आणि मुलं भागाकारातच अडकतात. म्हणून नीट उत्तर येणाऱ्या जोड्या मीच लिहून दिल्या:

```
बहिर्वक्र, f = +10:  u = -14 -> v = +35 ;  u = -15 -> v = +30
बहिर्वक्र, f = +12:  u = -18 -> v = +36 ;  u = -20 -> v = +30
बहिर्वक्र, f = +20:  u = -25 -> v = +100 ; u = -30 -> v = +60
बहिर्वक्र, आभासी:    f = +20, u = -10 -> v = -20
अंतर्वक्र, f = -20:  u = -30 -> v = -12
```

सगळी अंतरं सेंटीमीटरमध्ये. अशा वीस जोड्या एकदा कागदावर काढल्या की वर्षभर पुरतात. मदतनीस भोवतीची गोष्ट बदलतो, कधी मेणबत्ती घेतो, कधी साधा सूक्ष्मदर्शक. गणित आपलंच राहतं.

काय चढवू नये हेही इथेच सांगतो. मुलांची नावं, गुणपत्रकं, आधार किंवा सरलचे क्रमांक, पालकांचे फोन यांपैकी काहीही नको. साध्या खात्यावरच्या काही गप्पा माणसं तपासू शकतात, आणि गोपनीय माहिती टाकू नका असं गूगल स्वतःच सांगतं. ‘वर्गातल्या बऱ्याच मुलांची चिन्हं चुकतात’ एवढं लिहिणं पुरेसं असतं, कोणाची चुकतात ते नको.

जेम उभा करणं

संगणकावर ब्राउझरमध्ये `gemini.google.com` उघडा, खात्यात शिरा आणि डावीकडच्या पट्टीत `Gems` शोधा. तिथे `New Gem` आहे. नावाच्या जागी ‘दहावी भिंगे प्रश्न’ असं साधं नाव द्या. `Instructions` मध्ये सूचना जातात, `Knowledge` मध्ये फाइली. शेजारी `Preview` आहे, तिथे जतन करण्याआधी वापरून पाहता येतं. पटलं की `Save`. बटणांच्या जागा अधूनमधून बदलतात, नावं सहसा तीच असतात.

फाइली शक्यतो ड्राइव्हमधून गूगल डॉक्स म्हणून जोडा. नोट्समध्ये दुरुस्ती केली की जेमला ताजी प्रत मिळते. संगणकावरून चढवलेली फाइल बदलायची तर जुनी काढून नवी चढवावी लागते, आणि जुनी काढायला आपण हमखास विसरतो. मग दोन परस्परविरोधी नोट्स शेजारी शेजारी राहतात.

सूचना लिहिताना एक भेद पाळा. वागायचं कसं हे सूचनांमध्ये आणि विषयाचा मजकूर फाइलींमध्ये. सूत्रं सूचनांमध्ये कोंबली की सूचना लांबतात आणि त्यातले नियम पातळ होतात. ‘उत्तरं थोडक्यात दे’ असा नियम नोट्सच्या फाइलीत लपवला, तर तो प्रत्येक वेळी उचलला जाईलच असं नाही. माझ्या सूचना आज अशा आहेत:

```
तू इयत्ता दहावी (महाराष्ट्र राज्य मंडळ, मराठी माध्यम) विज्ञान भाग १
शिकवणाऱ्या शिक्षकाचा मदतनीस आहेस. काम: "भिंगे व त्यांचे उपयोग"
या धड्यावर सराव प्रश्न आणि नमुना उत्तरे.

१. माहिती फक्त "धडा ७ नोट्स" मधून घे. तिथे नसेल तर
   "नोट्समध्ये नाही" असे लिही आणि थांब.
२. संज्ञा "शब्दयादी" प्रमाणेच वापर.
३. उदाहरणांतील आकडे फक्त "आकडेजोड्या" मधून घे.
   u, v, f यांची चिन्हे प्रत्येक वेळी लिही.
४. उत्तराची लांबी आणि पायऱ्या "नमुना उत्तरे" प्रमाणे.
५. बहुपर्यायी प्रश्नात चारही पर्याय साधारण सारख्या लांबीचे;
   बरोबर पर्यायाची जागा बदलती ठेव.
६. आधी सर्व प्रश्न, मग वेगळ्या भागात उत्तरे.
   प्रत्येक उत्तरापुढे नोट्समधील मथळा लिही.
७. गुण किंवा प्रश्नसंख्या सांगितली नसेल तर आधी विचार.
```

पहिल्या नियमातला ‘आणि थांब’ हा शब्द मी नंतर घातला. तो नव्हता तेव्हा ‘नोट्समध्ये नाही, तरीही सांगायचं तर’ अशी पुस्ती जोडून एक अख्खा परिच्छेद यायचा. सहाव्या नियमातला मथळा माझ्या सोयीचा आहे. उत्तर कुठून आलं ते मला दहा सेकंदांत नोट्स उघडून पाहता येतं. मथळाच नोट्समध्ये सापडला नाही, तर त्या उत्तरावर लाल खूण. पाचवा नियम नसेल तर बरोबर पर्याय सगळ्यात लांब असतो आणि हुशार मुलं धडा न वाचता तो ओळखतात.

नियम सात-आठच्या पुढे नेऊ नका. नवा नियम घालावासा वाटला, तर आधी बघा की नमुना उत्तरांत एक उदाहरण वाढवून काम होतंय का. बहुधा होतं.

तपासणी: पाच ठरलेले प्रश्न

जेम जतन केला की लगेच प्रश्नपत्रिका मागू नका. ज्यांची उत्तरं आपल्याला पक्की माहीत आहेत असे पाच प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक वेळी तेच वापरा. प्रत्येक प्रश्न नव्या चॅटमध्ये विचारा. आधीच्या गप्पांचा पुढच्या उत्तरावर परिणाम होतो, त्यामुळे एकाच चॅटमध्ये सगळं बरोबर आलं तरी ते खरं मोजमाप नसतं.

माझा पहिला प्रश्न उदाहरणाचा आहे. ४ सेमी उंचीची वस्तू २० सेमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगापासून ३० सेमीवर आहे. प्रतिमेचं अंतर, उंची आणि स्वरूप सांगा. इथे u = −३०, f = +२०. 1/v = 1/20 − 1/30 = 1/60, म्हणून v = +६० सेमी. M = ६०/(−३०) = −२, उंची −८ सेमी, म्हणजे प्रतिमा वास्तव, उलट आणि दुप्पट. यात मी शेवटच्या आकड्यापेक्षा चिन्हं बघतो. काही पुस्तकं सगळी अंतरं धन धरून 1/v + 1/u = 1/f लिहितात. त्यानेही या उदाहरणात ६०च येतात, म्हणून उत्तर बरोबर वाटतं, पण आपल्या मंडळाच्या कार्टेशिअन चिन्हसंकेताने लिहिणाऱ्या मुलाचा त्या पायऱ्या वाचून गोंधळ उडतो.

दुसरा प्रश्न अंतर्वक्र भिंगाचा: f = −२०, u = −३०. उत्तर v = −१२, M = +०.४. पहिला प्रश्न पार करून इथे घसरला, तर चिन्हसंकेत नोट्समध्ये पुरेसा स्पष्ट नाही असं समजा.

तिसरा प्रश्न फसवा आहे. अंतर्वक्र भिंगाने वास्तव वस्तूची प्रतिमा पडद्यावर कशी मिळवाल? मिळतच नाही, ती नेहमी आभासी असते. प्रश्नातला चुकीचा आधार मान्य करून मदतनीसाने कृती लिहून दिली, तर त्याच्यावर एकट्याने विसंबता येणार नाही हे पक्कं. चौथा प्रश्न नोट्सच्या बाहेरचा असतो, जसं कॅमेऱ्याच्या झूम भिंगाची रचना. इथे हवं असलेलं उत्तर एकच, ‘नोट्समध्ये नाही’. पाचव्यात निकटदृष्टिता आणि दूरदृष्टिता यांतला फरक विचारतो आणि मजकूर न वाचता फक्त शब्द तपासतो.

काही चुकलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पाचही प्रश्न पुन्हा लावा. दोन नियम एकदम बदलले की कशाने सुधारलं ते कळत नाही.

या तपासणीत मला माझीच चूक सापडली. पहिल्या प्रश्नाला v = ६० बरोबर आलं, प्रतिमा ‘वास्तव आणि उलट’ हेही बरोबर, पण विशालन +२ लिहिलेलं. उलट प्रतिमेचं विशालन धन कसं? मदतनीस बिघडला असं धरून मी सूचना तीनदा बदलल्या. शेवटी नोट्स उघडल्या, तर कधीकाळी आरशांच्या धड्यातून चिकटवलेलं M = −v/u तिथे बसलेलं होतं. आरशासाठी ते सूत्र बरोबर आहे, भिंगासाठी नाही. फळ्यावर मी नेहमी बरोबर लिहीत आलो, म्हणून कागदावरची चूक कधी दिसली नाही. सूचनांशी झटापट सुरू करण्याआधी नोट्समधली ती ओळ स्वतः वाचा, हे तेव्हापासून अंगवळणी पडलं.

रोजचा वापर

पाचही प्रश्न दोन वेगवेगळ्या दिवशी नीट आले, की मग प्रश्न मागायला हरकत नाही. मागणी नेमकी करा. विज्ञान भाग १ ची लेखी परीक्षा ४० गुणांची असते आणि तिचा साचा आपल्याला पाठ असतो: एक गुणाचे प्रश्न, शास्त्रीय कारणं, दोन गुणांचे, तीन गुणांचे आणि शेवटी पाच गुणांचा एक. एका धड्यासाठी मी १५ गुणांचा कागद मागतो: एक गुणाचे तीन, शास्त्रीय कारणं दोन, तीन गुणांचं एक उदाहरण आणि पाच गुणांचा एक प्रश्न. ‘चांगले प्रश्न दे’ म्हटलं तर वाट्टेल ते येतं.

आलेला मजकूर छापण्याआधी प्रत्येक उदाहरण मी स्वतः पेन्सिलीने सोडवतो. जोड्यांची फाइल दिलेली असली तरी कधी मीटर-सेंटीमीटरचा घोळ होतो, विशेषतः भिंगाच्या शक्तीत. २० सेमी म्हणजे ०.२ मीटर आणि शक्ती ५ डायऑप्टर, ०.०५ दिसलं तर समजायचं की सेंटीमीटरच ठेवलेत. आकृत्या मात्र मी त्याच्याकडून घेतच नाही. किरण नाभीतून जातो की प्रकाशीय केंद्रातून, यावर त्या चित्रांचा भरवसा नाही. आकृती हातानेच काढायची.

सहकाऱ्याला जेम वापरायला द्यायचा असेल तर तो ड्राइव्हच्या फाइलीसारखा शेअर करता येतो. तेव्हा सूचना आणि जोडलेल्या फाइली समोरच्यालाही दिसतील असं धरूनच चाला. घटक चाचणीचा न झालेला पेपर नमुना म्हणून त्यात पडला असेल, तर आधी काढा.

दुसरा धडा जोडताना

दिवाळीनंतर मी याच जेममध्ये चौथा धडा, ‘विद्युतधारेचे परिणाम’, घालायला गेलो. नोट्सची एक फाइल वाढवली, सूचनेत धड्याचं नाव घातलं, झालं असं वाटलं. पाचही प्रश्न पूर्वीसारखे आले, पण नंतर मागितलेल्या कागदात भिंगाच्या शक्तीच्या उत्तरात वॅट हे एकक डोकावलं. कारण उघड होतं. ‘शक्ती’ हा शब्द आणि P हे अक्षर दोन्ही धड्यांत आहे, एकीकडे P = 1/f आणि दुसरीकडे P = VI. शब्दयादीत मी नुसतं ‘शक्ती’ लिहिलं होतं. ते खोडून ‘भिंगाची शक्ती (धडा ७, डायऑप्टर)’ आणि ‘विद्युत शक्ती (धडा ४, वॅट)’ अशा दोन नोंदी केल्या, नोट्समध्येही सगळीकडे पूर्ण नाव लिहिलं. मग तपासणीच्या वहीत सहावा प्रश्न म्हणून भिंगाच्या शक्तीचं उदाहरण वाढवलं.